पोट वाढलं की कोपर हलतं

कमरेवर हात ठेवलेल्या सडपातळ माणसाच्या जागी चित्रकाराला तितक्याच उंचीचा स्थूल माणूस उभा करायचा असेल, तर नुसतं पोट फुगवून भागत नाही. हाताची हाडं तेवढीच राहतात. कंबर मात्र बाहेर सरकते. म्हणून आधी पंजा नव्या कमरेवर टेकवावा. मनगट खांद्याच्या सरळ खाली आल्यानं हात जास्त दुमडतो आणि कोपर आणखी बाहेर जातं. काखेखालची त्रिकोणी फट अरुंद होते. जुनीच फट ठेवली, तर हात चिकटवल्यासारखा दिसतो.

शर्टही नव्यानं काढावा लागतो. खांद्यावरून सरळ लोंबणाऱ्या चुण्या जातात, बटणांपासून कुशीकडे आडव्या ओढ्या उमटतात. पोटावर कापड खर्ची पडल्यानं पुढचा काठ किंचित वर चढतो.

पंज्याची लांबी हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंतच्या अंतराशी ताडून पाहावी. जाड बोटं काढताना ती हमखास बिघडते.