टायर नव्हे, एक्सल मोजा

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाटाची चढण लागते. साताऱ्याहून परत येणारी वाहतूक बोगद्यातून जाते, त्यामुळे घाटातल्या फोटोत सगळ्या गाड्यांची तोंडं एकाच दिशेला असतात आणि चढणीमुळे त्या एकामागे एक, सावकाश सरकत असतात. अशा एखाद्या फोटोत एसटीची लाल बस, ताडपत्री बांधलेला लांबलचक ट्रक, त्यामागे कंटेनर, मग एक पांढरा टँकर आणि शेवटी काचांनी चमकणारी लक्झरी बस दिसते. लांबून सगळीच ‘मोठी गाडी’. यातली कुठली कोणती, हे ओळखायला नजर खाली, चाकांपाशी न्यायची असते.

ट्रकवाले गाडी टायरांवरून सांगतात: सहा टायर, दहा टायर, बारा टायर, चौदा टायर. रोजच्या बोलण्यात ते सोयीचं आहे, पण फोटोत सगळे टायर कधीच दिसत नाहीत. दिसते ती गाडीची एक बाजू, आणि मागच्या जोडटायरांपैकी फक्त बाहेरचा टायर. म्हणून आधी एक्सल मोजायचे, म्हणजे बाजूने दिसणारी चाकांची ठिकाणं. टायरांचा हिशेब त्यानंतर मांडायचा.

तो मांडायला चाकाची बशी कामी येते. पुढच्या चाकाची तबकडी बाहेर फुगलेली असते, बोल्ट आणि मधला हब पुढे आलेले दिसतात. मागच्या चाकाची तबकडी खोलगट असते, पालथी बशी उलटून ठेवावी तशी. दोन टायर पाठीला पाठ लावून बसवायचे तर दोन्ही तबकड्या एकमेकींना टेकाव्या लागतात, त्यामुळे बाहेरच्या चाकाचा खळगा आपल्याकडे येतो. थोडक्यात, ट्रकच्या मागच्या एक्सलवर खोलगट चाक दिसलं की त्या बाजूला दोन टायर आणि पूर्ण एक्सलवर चार. साधा दोन एक्सलचा ट्रक अशा रीतीने सहा टायरचा ठरतो. मागे दोन एक्सल जवळजवळ असतील, मध्ये जेमतेम वीतभर उजेड दिसत असेल, तर तो दहा टायरचा.

आता फोटोतला ताडपत्रीवाला घ्या. केबिनखाली एक नाही, दोन एक्सल आहेत आणि दोन्हींची चाकं स्टिअरिंगबरोबर वळतात. हौद्याच्या मागच्या टोकाला दोन एक्सल जवळजवळ आहेत. त्यांच्या थोडं पुढे आणखी एक चाक आहे, पण ते रस्त्याला टेकलेलं नाही. हा लिफ्ट एक्सल. गाडी रिकामी असली की ड्रायव्हर तो उचलतो, त्यामुळे टायर कमी झिजतात; माल भरला की खाली सोडतो. मोजताना तो धरायचाच. पुढचे चार, लिफ्टचे दोन आणि मागचे आठ मिळून होतात चौदा टायर, एक्सल पाच.

नजर सर्वात जास्त इथेच चुकते. उचललेला लिफ्ट एक्सल सावलीत हरवतो आणि गाडी चार एक्सलची वाटते. उलट बाजूच्या कॅरिअरमध्ये उभी ठेवलेली स्टेपनी पाहून एखादा एक्सल जास्त मोजला जातो. स्टेपनीला वर मडगार्ड नसतं, तिच्यामागे आडवा दांडा नसतो आणि पलीकडच्या बाजूचं जोडीचं चाकही खालून दिसत नाही. शंका असेल तर गाडीखालच्या उजेडाकडे पाहावं.

त्याच उजेडात कमानीचे पाटेही दिसतात. रिकाम्या गाडीचे पाटे धनुष्यासारखे वाकलेले असतात, भरल्यावर ते सपाटीला येतात. पाटे सपाट आणि लिफ्ट एक्सल मात्र वर, असं दिसलं तर ते ओझं मागच्या दोन एक्सलवरच आहे.

आता त्यामागचा कंटेनर. तिथेही पाचच एक्सल भरतात, पण गाडी वेगळ्या जातीची आहे. केबिनखाली एकच एक्सल, लगेच मागे जोडटायरांचा एक, मग लांबच लांब मोकळी जागा आणि शेपटाकडे तीन एक्सल ओळीने. मोकळ्या जागेच्या सुरुवातीला दोन लोखंडी पाय वर दुमडलेले लोंबतात. ओढणारी गाडी निघून गेली की ट्रेलर त्या पायांवर उभा राहतो. पुढची गाडी आणि मागचा ट्रेलर हे दोन स्वतंत्र तुकडे, मधल्या एका खिळीवर वळणारे. टायर दोन, चार आणि बारा, म्हणजे अठरा. ओढणाऱ्या गाडीलाच मागे दोन एक्सल असते, तर एकूण सहा एक्सल आणि बावीस टायर झाले असते.

म्हणजे ‘पाच एक्सल’ एवढ्यावर काम भागत नाही. एक्सलमधली अंतरं वाचावी लागतात. वजनाचा नियमही याच अंतरांवर उभा आहे. 2018 साली केंद्र सरकारने मर्यादा वाढवल्या, तेव्हा पुढच्या एक्सलला 7 टन आणि चार टायरच्या एकट्या एक्सलला 11.5 टन ठरले. जवळजवळच्या दोन एक्सलना मात्र दुप्पट म्हणजे 23 टन न देता 21 दिले, कारण शेजारचे एक्सल रस्त्याच्या जवळपास त्याच तुकड्यावर भार टाकतात. तीन एक्सलच्या ओळीला 27. अठरा टायरच्या कंटेनरचा हिशेब मग तोंडी होतो: 7, 11.5 आणि 27 मिळून 45.5 टन, गाडीच्या वजनासकट.

फोटो स्पष्ट असेल तर केबिनवरचा आकडाही मदत करतो. टाटाच्या गाडीवर 3718 असेल तर पहिले दोन आकडे साधारण टन आणि पुढचे दोन दहाच्या पटीत अश्वशक्ती सांगतात: 37 टन, 180 अश्वशक्ती. पण हा आकडा 2018 आधीच्या मर्यादेचा. पाच एक्सलच्या अशा अखंड ट्रकची मर्यादा नंतर 43.5 टन झाली. अक्षरं तर आणखी जुनी, डाइमलर-बेंझशी टाटांचं सहकार्य होतं त्या काळातली. एलपीके मधला ‘के’ म्हणजे टिपर, जर्मन ‘किपर’. एलपीओ मधला ‘ओ’ म्हणजे ओम्निबस.

एक्सलवरून गाडीची ताकद कळते, तिचं काम हौद्यावरून. टिपरचा हौदा आखूड आणि जाड पत्र्याचा असतो, त्याची कड केबिनवर छज्जासारखी येते आणि दगड-वाळू सरकावी म्हणून मागचं टोक बहुधा तिरकं असतं. टँकरमध्ये आकार बोलतो. फोटोतला पांढरा टँकर पूर्ण गोल आहे, दोन्ही टोकं घुमटासारखी, म्हणजे आत दाबाखालचा गॅस. पेट्रोलचा टँकर बाजूंनी रुंद, वरून चपटा असतो आणि वर झाकणांची रांग असते, कारण आत वेगवेगळे कप्पे असतात. सिमेंटच्या बल्करची टाकी खाली नरसाळ्यासारखी उतरते.

उरल्या दोन बस. एसटीला दोनच एक्सल. अशा बसला पूर्वी 12 मीटरपेक्षा लांब होता येत नव्हतं. मागच्या लक्झरीला मागे दोन एक्सल आहेत, म्हणून तिला 15 मीटरपर्यंत परवानगी. इथे ट्रकची सवय फसवते. जवळजवळचे दोन एक्सल पाहून दहा टायर म्हणावंसं वाटतं, पण नीट पाहिलं तर पुढच्याचं चाक खोलगट आणि शेवटच्याचं फुगीर आहे. शेवटचा एक्सल केवळ भार वाटून घेणारा, बाजूला एकेकच टायर असलेला. बस आठ टायरची. त्या चाकांमागे खिडक्यांखाली जाळी दिसते, इंजिन तिथे मागे आहे. पुढचं दार पुढच्या चाकाच्याही पुढे आहे आणि खिडक्या खूप उंचावर, कारण खाली सामानाच्या डिक्की आहेत. खिडक्यांच्या एकावर एक दोन रांगा असत्या तर ती स्लीपर ठरली असती. इथे एकच अखंड काच आहे, म्हणजे आत बसायच्या खुर्च्या.