उतरवता न येणारा स्वाध्याय

भूमसारख्या तालुक्याच्या गावात गाईड हवे असले की पूर्वी दुकान गाठावे लागे. आता अम्मीच्या मोबाईलवर धड्याचे नाव टाकले की स्वाध्यायाची सगळी उत्तरे पायऱ्यांसकट समोर येतात. यात दोष मुलांच्या आळसाचा कमी, रचनेचा जास्त आहे. बालभारतीचे पुस्तक राज्यभर एकच. एका घरातला भाऊ उर्दू माध्यमात आणि बहीण मराठी माध्यमात असली तरी दहावीच्या गणिताच्या सरावसंचातले आकडे दोघांना तेच. मग कुणीतरी एकदा सोडवलेले उदाहरण हजारो वह्यांत जसेच्या तसे उतरते.

पुस्तक आपल्याला बदलता येत नाही, प्रश्न मात्र बदलता येतो. पण नुसते आकडे बदलून फारसे साधत नाही. दहावीतले अंकगणिती श्रेढीचे प्रकरण घ्या. तिथे अशा तऱ्हेचे उदाहरण असते: 5, 9, 13, 17... या श्रेढीचे 20वे पद काढा. सूत्रात किमती घातल्या की 5 + 19 × 4 = 81. आपण 5 च्या जागी 6 लिहिले, तर मूल त्याच पायऱ्या उतरवते आणि एक आकडा बदलते. श्रेढी म्हणजे काय, हे त्याला कळले की नाही याचा आपल्याला पत्ताच लागत नाही.

आम्ही तोच प्रश्न उलटा करून विचारतो: तुमचा हजेरी क्रमांक हे पहिले पद आणि सामान्य फरक 4 घ्या. या श्रेढीत 81 ही संख्या येते का? कारण लिहा.

आता प्रत्येकाचे गणित वेगळे झाले. हजेरी क्रमांक 13 असेल तर 81 मधून 13 वजा करून 68, त्याला 4 ने भागून 17, म्हणजे 81 हे 18वे पद. क्रमांक 12 असेल तर 69 ला 4 ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून 81 येतच नाही. इथेच उतरवणारा सापडतो. तो सूत्रात किमती घालतो, n = 18.25 असे उत्तर काढतो आणि त्याखाली दोन रेघा ओढून मोकळा होतो. सव्वाअठरावे पद असते का, हे त्याच्या मनातही येत नाही. समजलेले मूल मात्र सांगते की माझी श्रेढी 12, 16, 20 अशी चारच्या पाढ्यातून जाते आणि 81 त्या पाढ्यात नाही.

तपासायलाही वेळ लागत नाही. 81 मधून क्रमांक वजा करा, चारने भाग जातो का पाहा. चाळीस मुलांत 1, 5, 9 पासून 37 पर्यंतच्या दहा जणांचे उत्तर ‘हो’ येते. ही दहा नावे फळ्यावर लिहिली की मुलांच्याच लक्षात येते की हे क्रमांकही एक श्रेढीच आहेत.

फरक 4 का? फरक 1 ठेवला तर सगळ्यांचेच उत्तर ‘हो’ येईल. 2 ठेवला तर निम्म्यांचे, आणि अंदाज सहज खपून जाईल. 81 ही संख्या वर्गातल्या सर्वांत मोठ्या हजेरी क्रमांकापेक्षा मोठी हवी, हेही बघावे.

नव्या प्रश्नातही फसगत होते. ‘81 च्या सर्वांत जवळचे पद कोणते?’ असे पुढे विचारावेसे वाटते. पण क्रमांक 11 च्या मुलाच्या श्रेढीत 79 आणि 83 दोन्ही येतात आणि दोन्ही सारख्याच अंतरावर. मग वाद. ‘81 पेक्षा लहान असे सर्वांत मोठे पद कोणते?’ असे विचारले की उत्तर एकच राहते. म्हणून प्रश्न देण्याआधी चार लागोपाठचे क्रमांक घेऊन स्वतः सोडवून पाहावा. फरक 4 असल्याने चारांत सगळे प्रकार येऊन जातात.

विज्ञानात जिथे आकडे नसतात, तिथे परिस्थिती बदलावी. माठातले पाणी गार का होते, याचे तयार उत्तर सगळ्यांकडे असते. त्याऐवजी असे विचारावे: एका माठाला बाहेरून ऑईलपेंट लावला, दुसरा तसाच ठेवला, तर एप्रिलच्या दुपारी कोणात पाणी जास्त गार होईल? आणि तोच साधा माठ पावसाळ्यात तितका गार का करत नाही? पहिल्यात रंगाने छिद्रे बुजतात, पाणी पाझरून बाहेर येत नाही. दुसऱ्यात हवेतच दमटपणा असल्याने बाष्पीभवन मंदावते. ज्याने ‘बाष्पीभवनामुळे’ एवढेच पाठ केले, तो दोन्हीकडे तोच शब्द लिहितो आणि रंगाबद्दल काहीच बोलत नाही.

हे प्रत्येक प्रश्नाला करत बसू नये. एका प्रकरणात असे दोन प्रश्न बास, बाकीचा सरावसंच पुस्तकातलाच राहू द्यावा, कारण बोर्डाची परीक्षा त्याच पुस्तकावर होते आणि सूत्र हातात बसायला साधी उदाहरणेही लागतात. घरी करायचे असेल तर हजेरी क्रमांकाऐवजी जन्मतारीख चालते. भावंडे जुळी नसली की झाले!