पाणीपुरी तोंडात मावेना, तेव्हा...

माझी धाकटी जाऊ श्रावणात चार दिवस राहायला आली होती. संध्याकाळी आम्ही बायका पाणीपुरी खायला बाहेर पडलो. सगळ्यांची दुसरी प्लेट सुरू झाली, पण ही एकेक पुरी फोडून, तुकडे करून खात होती. "अगं, अख्खी घाल ना तोंडात!" मी म्हटलं. तर हसून म्हणाली, "ताई, मावतच नाही हो. आणि तिखटानं आग होते, म्हणून ठसका कमीच घालायला सांगितलाय."

मला ते हसण्यावारी नेता आलं नाही. घरी आल्यावर विचारलं, तर कळलं की वर्षभर तिला आमटीसुद्धा झोंबत होती. ॲसिडिटी असेल म्हणून ती गोळ्या घेत होती. तिला तंबाखू नाही, मिश्री नाही. फक्त सुपारी. लग्नाआधीपासून जेवणानंतर अडकित्त्यानं कातरलेली एक सुपारी, दुपारी कंटाळा आला की आणखी एक, आणि प्रवासात पुडीतली गोड सुपारी. "सुपारी तर देवालाही ठेवतो, ती कशाला बाधेल?" हा तिचा सवाल. खरं सांगते, मलाही तोवर तसंच वाटायचं.

जिल्ह्याच्या ठिकाणी दंतवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या डॉक्टरबाईंनी आधी तिला स्वतःचीच तीन बोटं, एकावर एक अशी उभी धरून, वरच्या-खालच्या दातांमध्ये घालायला सांगितली. दोनच गेली. मग पट्टीनं मोजलं, तर फक्त २६ मिलिमीटर. मोठ्या माणसाचं तोंड साधारण ३५ ते ४५ मिलिमीटर, कधी त्याहूनही जास्त उघडतं. गालाची आतली बाजू गुलाबी हवी, ती पांढुरकी, संगमरवरासारखी दिसत होती. बोट फिरवलं तर आत दोरीसारखे ताठ पट्टे लागत होते.

या दुखण्याला 'सबम्युकस फायब्रोसिस' म्हणतात. सुपारीत अरेकोलीन नावाचं द्रव्य असतं. ते तोंडाच्या आतल्या त्वचेखालच्या पेशींना जास्त तंतू तयार करायला लावतं, आणि सुपारीतलाच तुरटपणा ते तंतू मोडू देत नाही. भाजल्यावर कातडी आखडते ना, तसं आतून तोंड आखडत जातं. गंमत बघा, १९५२ साली श्वार्ट्झ या डॉक्टरांनी वैद्यकशास्त्रात याची पहिली नोंद केली, ती केनियातल्या पाच भारतीय बायकांवरून! आणि २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं नुसती सुपारीही, तंबाखूशिवाय, कर्करोगकारक असल्याचं जाहीर केलं.

जाऊबाईंचा चेहरा उतरला. "म्हणजे कॅन्सर?" डॉक्टरबाई म्हणाल्या, "नाही हो. पण ही त्याच्या आधीची पायरी ठरू शकते." केरळात अशा रुग्णांवर १७ वर्षं लक्ष ठेवलं होतं, त्यातल्या शंभरी सात-आठ जणांना पुढे कर्करोग झाला. सुपारीबरोबर तंबाखू असेल तर धोका आणखी वाढतो. आपल्याकडे मिश्री लावणाऱ्या बायकांचं तोंड असं आखडत नाही, पण हिरडीवर किंवा गालात पांढरा वा लाल चट्टा उठतो. तो दुखत नाही, म्हणूनच राहून जातो. चट्टा, गाठ किंवा तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत गेली नाही, की दाखवायचंच. दुखण्याची वाट पाहायची नाही.

जाऊबाईंच्या गालातला एक छोटा तुकडा काढून तपासला. सुदैवानं त्यात कर्करोग नव्हता. रक्त मात्र कमी निघालं, त्याच्या गोळ्या सुरू झाल्या. सुपारी त्याच दिवशी बंद. सहा आठवडे गालात आतून आठवड्याला एक इंजेक्शन. आणि घरचा व्यायाम म्हणजे आइस्क्रीमच्या लाकडी काड्या! दातांमध्ये एकावर एक ठेवायच्या, ताण बसेपर्यंत, आणि तशाच थोडा वेळ धरायच्या. दिवसातून चार-पाच वेळा. पहिल्या दिवशी अकरा बसल्या. दोन महिने तिथंच अडकलं होतं, आणि ती रडकुंडीला आली होती. सहा महिन्यांनी चौदा बसल्या, पट्टीवर ३१ मिलिमीटर भरलं, आणि आमटीही झोंबेनाशी झाली.

आत तयार झालेले पट्टे मात्र पूर्ण जात नाहीत, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. सुपारी सोडल्यानं पुढचं बिघडणं थांबू शकतं, पण दर काही महिन्यांनी तोंड दाखवायला जावंच लागणार.

एक गंमत सांगायची राहिली. सुपारी सुटली म्हणून तिनं बाजारातून मुखवासाचं पाकीट आणलं. बडीशेप म्हणून खात होती. सहज मागची बारीक अक्षरं वाचली, तर त्यात सुपारी! आता ती घरीच बडीशेप आणि धनाडाळ भाजून डब्यात भरते. अडकित्ता पूजेच्या सामानात गेलाय. आणि गेल्या खेपेला पाणीपुरीच्या गाडीवर तिनं अख्खी पुरी तोंडात घातली. जरा छोटी निवडून घेतली होती, एवढंच.