वीज आली, एसी मात्र बंदच

छोट्या ऑफिसात सर्व्हर यूपीएसवर चालतो, एसी नाही. शनिवारी रात्री वीज जाऊन दहा मिनिटांत परत येते. सर्व्हर बंद पडतच नाही. पण स्वतःहून सुरू न होणारा एसी असेल, तर तो सोमवारपर्यंत थंड पडून राहतो आणि बंद खोली तापत जाते. म्हणून वीज आणि तापमान, दोन्हींवर एकत्र नजर हवी.

यूपीएसला यूएसबी पोर्ट असेल, तर तो लिनक्स सर्व्हरला जोडून ‘नेटवर्क यूपीएस टूल्स’ ही मोफत प्रणाली बसवावी. यूपीएसला `ofisups` नाव दिले असेल, तर स्थिती अशी कळते:

```
upsc ofisups ups.status
```

`OL` म्हणजे मुख्य वीज, `OB` म्हणजे बॅटरी. `RB` दिसले की बॅटरी बदलायची. चार्ज १०० टक्के दिसला म्हणून मात्र निर्धास्त राहू नये. जुनी बॅटरीही पूर्ण चार्ज दाखवते आणि भार येताच काही मिनिटांत बसते. खरी परीक्षा सुट्टीच्या दिवशी, बॅकअप घेऊन, यूपीएसचा प्लग काढून करावी.

तापमानासाठी रास्पबेरी पाय आणि `DS18B20` हा स्वस्त सेन्सर पुरतो. तो सर्व्हरच्या मागच्या गरम झोतात नव्हे, हवा आत ओढली जाते त्या बाजूला लावावा. तिथे १८ ते २७ अंश ठीक. ३० ओलांडताच ईमेल जावा. अचानक नेमके ८५ दिसले, तर बहुधा सेन्सरच्या वायरिंगमध्ये दोष असतो.

राउटरही यूपीएसवर हवा, नाहीतर वीज गेल्यावर इशारा ऑफिसाबाहेर पडणारच नाही.