काल पेपर वाचलात का?

‘तुम्ही रोज बातम्या वाचता का?’ असं कोणी विचारलं, तर बहुतेक जण ‘हो’ म्हणतात. समोरचा माणूस आपल्याला बेपर्वा समजेल, असं कोणाला वाटायला नको असतं. मार्कस प्रायर या अभ्यासकाने २००९ साली अमेरिकेतली अशी उत्तरं तपासून पाहिली. राष्ट्रीय वाहिन्यांच्या रात्रीच्या बातम्या पाहत असल्याचं लोक सर्वेक्षणात सांगत होते, आणि घरोघरच्या टीव्हीला जोडलेल्या मोजणी यंत्रांच्या नोंदीही उपलब्ध होत्या. दोन्ही ताडून पाहिल्यावर लोकांनी सांगितलेला आकडा सरासरी तिप्पट फुगलेला निघाला. माणसं खोटं बोलत होती, असा निष्कर्ष मला पटत नाही. त्यांना हिशेब अशा गोष्टीचा विचारला गेला, जिचा हिशेब कोणी ठेवतच नाही.

म्हणून प्रश्नावली तयार करताना सवयीबद्दल सरळ विचारू नये, नजीकच्या एका दिवसाबद्दल विचारावं. ‘काल तुम्ही कोणतं वर्तमानपत्र वाचलंत किंवा चाळलंत?’ या प्रश्नाला आठवून उत्तर देता येतं, आणि ‘काल जमलं नाही’ म्हणायला संकोचही वाटत नाही. मात्र एका दिवसावरून एका माणसाची सवय कळत नाही. शेकडो जणांचं एकत्र चित्र तेवढं मिळतं. त्यासाठी मुलाखती आठवड्याच्या सातही दिवसांत विखुरलेल्या हव्यात. फक्त रविवारी मुलाखती घेतल्या, तर हाती फक्त शनिवारचं वाचन येईल. दिवाळीसारख्या सणाच्या सुट्टीनंतर ज्या दिवशी पेपर निघत नाही, त्या दिवसाबद्दल विचारलं तर नियमित वाचकही न वाचणाऱ्यांत मोजला जाईल.

यानंतर येतात उत्तरांचे पर्याय. ‘नेहमी, बऱ्याचदा, कधीकधी’ ही मोजपट्टी सोपी दिसते, पण निवृत्त शिक्षकांचं ‘कधीकधी’ आणि कॉलेजातल्या मुलीचं ‘कधीकधी’ यांत चार दिवसांचं अंतर असू शकतं. त्यापेक्षा ‘गेल्या सात दिवसांतले किती दिवस?’ असं विचारून शून्य ते सात हे आकडेच समोर ठेवावेत. वेळ विचारताना तर जास्तच जपावं लागतं. जर्मनीत नॉर्बर्ट श्वार्त्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, लोक रोज किती टीव्ही पाहतात हे दोन मोजपट्ट्यांवर विचारलं होतं. एकीचे पर्याय अर्ध्या तासापासून सुरू होऊन ‘अडीच तासांहून जास्त’ या पर्यायाशी संपत होते. दुसरीचा पहिलाच पर्याय ‘अडीच तासांपर्यंत’ असा होता. अडीच तासांहून जास्त पाहणारे पहिल्या पट्टीवर सुमारे १६ टक्के निघाले, दुसरीवर सुमारे ३८ टक्के. लोक पर्यायांकडे बघून सर्वसाधारण माणूस किती पाहत असेल याचा अंदाज बांधतात आणि स्वतःला त्याच्या आसपास बसवतात. अशा ठिकाणी पर्याय न देता तास-मिनिटंच लिहून घेतलेली बरी.

विश्वासाचं मोजमाप आकड्यांत होत नाही, तिथे शब्दांची पट्टी लागते. ‘वर्तमानपत्रांवर माझा विश्वास आहे – सहमत, असहमत’ ही रचना मी टाळेन, कारण पाहुण्याला नाही म्हणायचं नाही म्हणून अनेक जण मान डोलावतात. ‘किती विश्वास वाटतो?’ असं विचारून ‘अजिबात नाही, थोडा, बऱ्यापैकी, पूर्ण’ असे पर्याय द्यावेत आणि ‘सांगता येत नाही’ हा पर्याय वेगळा ठेवावा. तो नसेल, तर ज्यांना मतच नाही ते ‘थोडा’वर खूण करतात.

एवढं करूनही प्रश्नावली थेट छापायला देऊ नये. आधी आठ-दहा जणांसमोर बसून प्रत्येक उत्तरानंतर विचारावं, ‘हे उत्तर देताना तुमच्या मनात काय आलं?’ वर्तमानपत्राच्याच प्रश्नाचं उदाहरण घेऊ. एक जण ‘नाही वाचला’ म्हणतो. मग कळतं की व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली पेपरची पीडीएफ त्याने पाहिली होती, पण तो त्याला पेपर धरत नाही. दुसरे एक काका सलूनमध्ये बसून अर्धा अंक वाचतात, पण घरी पेपर येत नाही म्हणून ‘नाही’ सांगतात. एक बाई ‘हो’ म्हणतात आणि त्यांनी पाहिलेलं असतं फक्त राशिभविष्य. मग प्रश्न असा होतो: ‘काल घरी, बाहेर किंवा मोबाईलवर कोणत्याही वर्तमानपत्राचा अंक वाचलात किंवा चाळलात का? दुसऱ्याचा अंक असला तरी चालेल.’ कोणत्या बातम्या वाचल्या, हा प्रश्न त्यापुढे स्वतंत्र येतो.

सुधारलेली प्रश्नावली मग पंचवीस-तीस जणांकडून खऱ्या पद्धतीने भरून घ्यावी. इथे उत्तरांइतकंच मुलाखतकारांकडे लक्ष द्यावं. एखादा प्रश्न तिघंही आपापल्या शब्दांत समजावून सांगत असतील, तर तो प्रश्न पुन्हा लिहायला हवा. जवळपास सगळ्यांची खूण एकाच पर्यायावर पडली, किंवा विश्वासाच्या सलग आठ प्रश्नांना एकच उत्तर आलं, तर ती पट्टी काही मोजत नाहीये किंवा माणूस कंटाळलाय. या तीस जणांवरून टक्केवारी काढू नये, आणि प्रश्न बदलले असतील तर त्यांची उत्तरं मुख्य सर्वेक्षणात मिसळूही नयेत.