कापसाचा एकच भाव

दसरा उलटला की चितेगाव-बिडकीन पट्ट्यात पैठण रस्त्यालगतच्या कारखान्यांच्या मागे, काळ्या रानात कापसाची वेचणी जोरात सुरू होते. खरेदीला आलेला व्यापारी ढिगात हात घालून मूठभर कापूस काढतो. सरकीपासून रुई सोडवून दोन्ही हातांच्या चिमटीत ओढतो, धाग्याची लांबी पाहतो, मूठ दाबून ओल अजमावतो आणि भाव सांगतो. शेतकऱ्याला तो बहुतेक वेळा कमीच वाटतो. पण तो येतो कुठून, हे एकदा मांडून पाहायला हवे.

क्विंटलभर कापसातून जिनिंगमध्ये साधारण ३४ किलो रुई आणि ६४ किलो सरकी निघते, उरलेली घट. रुईचा सौदा खंडीवर होतो आणि एक खंडी ३५६ किलोची असते. हिशेबापुरते धरू की खंडी ६०,००० रुपयांना चालली आहे. मग ३४ किलो रुईचे सुमारे ५,७३० रुपये होतात. सरकी ३० रुपये किलो धरली तर तिचे १,९२०. बेरीज झाली ७,६५०. त्यातून जिनिंग-प्रेसिंग, वाहतूक आणि व्यापाऱ्याचा नफा गेला की शेतकऱ्याच्या हातात काय पडेल ते कळते.

आता यातला रुईचा भाग पाहा. तो इचलकरंजीच्या मागावर, तिरुपूरच्या बनियनवर, बांगलादेशातल्या सूतगिरण्यांवर आणि चीनच्या आयातीवर हलतो. सरकीचा भाग मात्र वेगळ्याच वाटेने येतो. सरकीतून तेल निघते आणि ढेप उरते. चारा आटला, दुधाला दर चांगला असला की ढेपेला मागणी येते, आणि गोठ्यातली ही टंचाई कापसाच्या भावात रुपया-दोन रुपयांनी का होईना, उमटते. म्हणजे गंगापूरकडच्या म्हशींची भूक आणि ढाक्यातल्या शिलाई कारखान्याची मागणी या दोन्ही बातम्या एकाच आकड्यात बसून चितेगावच्या बांधावर पोहोचतात. तो आकडा सांगणाऱ्यालाही त्या पूर्ण ठाऊक नसतात.

२०१० च्या पावसाळ्यात सिंधू नदीच्या महापुराने पाकिस्तानातला कापूस बुडाला. त्याच सुमारास चीनची मागणी वाढलेली होती आणि भारताने निर्यातीवर ५५ लाख गाठींची मर्यादा घातली होती. मार्च २०११ मध्ये जागतिक बाजारात रुई पौंडाला दोन डॉलरच्या वर गेली. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ३,००० रुपये होता, आणि खुल्या बाजारात त्याच्या दुपटीहून जास्त मिळत होते. सिंधमध्ये काय झाले हे पैठण तालुक्यातल्या कुणाला माहीत असण्याची गरज नव्हती. पुढच्या खरिपात देशातले कापसाचे क्षेत्र सुमारे १११ लाख हेक्टरवरून १२१ लाखांवर गेले. तिकडे गिरण्यांनी धाग्यात पॉलिएस्टर वाढवले. पेरा वाढवा आणि रुई जपून वापरा, असे दोन्ही हुकूम कुणीही न काढता अमलात आले. फ्रिडरिक हायेक यांनी १९४५ च्या निबंधात कथिलाचे उदाहरण घेऊन हेच सांगितले होते: टंचाई का झाली हे न कळताही माणसे काटकसर करतात, कारण भाव तेवढेच सांगतो जेवढे करायला पुरे असते.

हा निरोप थांबवून पाहिला तर काय होते, याचा तीस वर्षांचा अनुभव महाराष्ट्राच्या पदरी आहे. १९७१ च्या कायद्याने आलेली आणि १९७२-७३ च्या हंगामापासून राबवलेली एकाधिकार कापूस खरेदी योजना. तिचा हेतू खरा होता. हंगामात भाव पाडून कापूस उचलायचा, वजनात आणि प्रतवारीत मारायचे, हे व्यापाऱ्यांचे उद्योग शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसले होते. म्हणून राज्यातला सगळा कापूस सरकारच्या यंत्रणेनेच घ्यायचा, हंगामाआधी हमीभाव जाहीर करायचा, नफा झाला तर त्यातला वाटा शेतकऱ्याला द्यायचा आणि काही भाग भाव चढउतार निधीत ठेवायचा, अशी रचना झाली. खासगी खरेदीला बंदी आली आणि राज्याबाहेर कापूस नेण्यालाही.

अडचण तिथेच होती. महाराष्ट्रात भाव एक, आणि सीमेपलीकडे रोज बदलणारा दुसरा. बाहेर भाव चढला की कापूस रात्रीतून बऱ्हाणपूर, सेंधवा, आदिलाबादच्या बाजारात जायचा. नाक्यांवर कितीही पहारा ठेवला तरी भावातली तफावत वाहनभाडे आणि चिरीमिरी भरून उरत असेल तर माल थांबत नाही. बाहेर भाव पडला की उलटे व्हायचे, परराज्यातला कापूस महाराष्ट्राच्या केंद्रांवर येऊन विकला जायचा. म्हणजे स्वस्तात घेऊन महाग विकण्याच्या वर्षी यंत्रणेच्या हाती माल कमी, आणि महाग घेऊन स्वस्त विकण्याच्या वर्षी केंद्रांवर ढीग. यात तोटा हा कुणा अधिकाऱ्याच्या नालायकीचा प्रश्न उरत नाही. सगळे कर्मचारी प्रामाणिक आणि हुशार असते तरी तो झालाच असता.

१९९५ मध्ये जगात रुई पौंडाला डॉलरच्या वर होती. २००१ अखेरीस ती चाळीस सेंटच्या खाली आली. पडत्या वर्षांत राज्याने भाव वर धरून ठेवला, तोटा वाढत गेला, शेतकऱ्यांचे पैसे अडकले आणि २००२ मध्ये खासगी खरेदीला वाट मोकळी करावी लागली. सीमा उघडा, अशी मागणी शरद जोशींची शेतकरी संघटना त्याआधी वर्षानुवर्षे करत होती. मला ती पटते, कारण सीमाबंदीचा खर्च चढत्या भावाच्या वर्षी शेतकऱ्यानेच भरला.

याच पिकाचे याहून भीषण उदाहरण सोव्हिएत उझबेकिस्तानात घडले. तिथे भाव वरून ठरायचा आणि उत्पादनाचे लक्ष्य टनांत यायचे. ते गाठता येईना तेव्हा न पिकलेला कापूस कागदावर दाखवला जाऊ लागला. शेतापासून मॉस्कोपर्यंत आकडे फुगवण्याचा हा प्रकार १९८० च्या दशकात उघडकीस आला. कापसासाठी वळवलेल्या नद्यांमुळे अरल समुद्र आटत होता, पण पाण्याला किंमतच लावलेली नसल्याने ती टंचाई कुठल्याही हिशेबात दिसत नव्हती. योजनाकारांना माहिती हवी होती, आणि ती देणाऱ्या प्रत्येकाचा फायदा ती चुकीची देण्यात होता.

तरी भावाची मर्यादाही स्पष्ट सांगायला हवी. ज्याच्या खिशात पैसा नाही त्याची गरज भावाला ऐकू येत नाही. आणि निरोप आला तरी त्यावर वागण्याची ऐपत लागते. मार्च २०११ चा भाव ज्याच्याकडे तोवर कापूस शिल्लक होता त्यालाच मिळाला. दिवाळीला उसनवारी फेडण्यासाठी ज्याने माल काढला, त्याच्यापर्यंत तो उशिरा पोहोचला. कापूस ठेवायचा तर घरातच, राहत्या खोलीत, अंगाला खाज सोसत आणि आगीची धास्ती घेत. हमीभाव हा एकाधिकारापेक्षा वेगळा आहे, आणि मला तो योग्य वाटतो, तो याचमुळे. तो तळ धरतो, वरचा भाव अडवत नाही. कापूस महामंडळ आठ टक्क्यांपर्यंतच्या ओलाव्याला पूर्ण दर देते आणि बारा टक्क्यांच्या वर कापूस घेत नाही, आणि बाहेर जास्त मिळत असेल तर शेतकरी तिकडे जायला मोकळा असतो.

पण भाव वर चढू लागताच निर्यात रोखण्याची सवय अजून गेलेली नाही. ५ मार्च २०१२ रोजी केंद्राने कापूस निर्यातीवर अचानक बंदी घातली आणि आठवडाभरातच ती मागे घ्यायची पाळी आली. तेवढ्या दिवसांत ज्यांनी घाबरून कापूस विकला, त्यांना नंतर काहीही परत मिळाले नाही.