‘सर्व्हिसिंगचे किती घेता?’ या प्रश्नानंतर

एप्रिलमधली दुपार. एसी दुरुस्त करणारा माणूस तिसऱ्या मजल्यावर, खिडकीबाहेरच्या आउटडोअर युनिटपाशी उभा आहे. हात ओले आहेत आणि खिशातला फोन थरथरतोय. सव्वा वाजता व्हॉट्सॲपवर कुणीतरी विचारलंय, ‘एसी सर्व्हिसिंगचे किती घेता?’ तो मेसेज रात्री साडेआठला उघडला जातो आणि उत्तर जातं, ‘७००’. पुढे काहीच येत नाही. दर महाग वाटला असेल, असं त्याला वाटतं. खरं तर दराबद्दल कुणी काही बोललेलंच नसतं. विचारणाऱ्याने दुपारीच आणखी दोघांना मेसेज केलेला असतो आणि त्यातल्या एकाने चार वाजेपर्यंत येण्याची वेळही ठरवलेली असते.

घरगुती सेवा देणाऱ्यांची बरीच कामं अशी हातची जातात. विचारणा येते, पण ती कामापर्यंत पोचवणारी वाट कुणी आखून ठेवलेली नसते. ही वाट आखायला व्हॉट्सॲप बिझनेस हे मोफत ॲप आणि रोज पंधरा मिनिटं, एवढं पुरतं.

सुरुवात विचारणा येते तिथूनच करावी. ग्राहकाने नंबर सेव्ह करावा, मग चॅट उघडून काय लिहायचं याचा विचार करावा, यात बरेच जण गळतात. त्याऐवजी अशी लिंक बनवता येते, जी दाबली की मजकूर लिहिलेलं चॅटच उघडतं:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=AC%20service%20S1
```

९१ नंतर आपला दहा आकडी नंबर, आणि `%20` म्हणजे दोन शब्दांमधली मोकळी जागा. शेवटचं `S1` ही आपली खूण. सोसायटीच्या नोटीस बोर्डावर S1, पत्रकावर S2, काम झाल्यावर एसीवर चिकटवायच्या स्टिकरवर S3. प्रत्येक लिंकचा क्यूआर कोड छापला की आलेला पहिला मेसेजच सांगतो, हा माणूस कुठून आला. महिनाभराने पत्रकांवरचा खर्च चालू ठेवायचा की स्टिकर वाढवायचे, हे अंदाजाने ठरवावं लागत नाही.

आता पहिलं उत्तर. ॲपमध्ये स्वागताचा मेसेज आपोआप जाण्याची सोय आहे. ग्राहक पहिल्यांदा लिहितो तेव्हा, किंवा १४ दिवस काहीच बोलणं झालं नसेल तर तो जातो. बहुतेक जण त्यात ‘आमच्याशी संपर्क साधल्याबद्दल धन्यवाद’ एवढंच लिहून ठेवतात. त्याने ग्राहक पुढे सरकत नाही. तिथे सहज उत्तर देता येईल असा प्रश्न हवा: ‘नमस्कार. एसीला काय झालंय? १) फक्त सर्व्हिसिंग २) गारवा येत नाही ३) पाणी गळतंय. आकडा लिहा आणि आपला भाग सांगा.’

हा प्रश्न आधी विचारण्याला कारण आहे. सर्व्हिसिंगचा दर ठरलेला असतो, तो लगेच सांगता येतो. गारवा येत नसेल तर तसं नाही. जाळी तुंबलेली असू शकते, कपॅसिटर गेलेला असू शकतो किंवा गॅस कमी झालेला असू शकतो. एसीतला गॅस बंद नळ्यांमधून फिरतो, वापराने संपत नाही. तो कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे आणि ती शोधल्याशिवाय नुसता गॅस भरला तर पुन्हा तेच दुखणं. म्हणून इथे चॅटवर एकदम आकडा देऊ नये. ‘तपासणीचे ३०० रुपये, दुरुस्तीचा खर्च तपासल्यावर आणि काम सुरू करण्याआधी सांगू’ असं स्वच्छ लिहावं. सोबत आउटडोअर युनिटचा एक फोटो मागावा. युनिट गच्चीत आहे की खिडकीबाहेर लटकलंय, हे त्यात दिसतं. शिडी आणि दुसरा माणूस लागणार हे घरी पोचल्यावर कळलं, तर फेरी फुकट जाते.

ही उत्तरं दरवेळी टाइप करायची गरज नाही. ‘क्विक रिप्लाय’मध्ये साठवून ठेवली की `/` आणि ठेवलेलं नाव लिहिताच मजकूर समोर येतो. एकाच खात्याला आणखी चार उपकरणं जोडता येत असल्याने कारागीर शिडीवर असताना घरातलं कुणी दुसऱ्या फोनवरून उत्तर देऊ शकतं. दर सांगताना मात्र शेवटी वेळ विचारायचीच: ‘सर्व्हिसिंगचे ७०० रुपये. उद्या १० ते १२ की ४ ते ६?’ नुसता आकडा पाठवला की ग्राहक विचार करायला निघून जातो. दोन वेळा समोर ठेवल्या की त्यातली एक निवडतो.

तरीही काही जण गप्प होतात. त्यांच्यासाठी ‘लेबल’ची सोय आहे. नवीन, दर सांगितला, वेळ ठरली, काम झालं, थांबवलं, अशी पाच लेबलं पुरेत. पण लेबल गजर वाजवत नाही. म्हणून रोज रात्री ठरलेल्या वेळी ‘दर सांगितला’ची यादी उघडून बसावंच लागतं.

पाठपुरावा किती दिवसांनी करायचा, हे दुखण्यावर ठरतं. गारवा येत नसेल किंवा पलंगावर पाणी ठिबकत असेल, तर त्याच संध्याकाळी विचारावं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याने दुसरा माणूस गाठलेला असतो. सर्व्हिसिंगवाल्याला मात्र एक दिवस जाऊ द्यावा. आणि विचारताना ‘काय ठरलं सर?’ असं लिहू नये, त्यात ग्राहकाला नवीन काहीच मिळत नाही. ‘काल आपण बेडरूमच्या एसीबद्दल विचारलं होतं. उद्या दुपारी आम्ही आपल्याच भागात आहोत, ४ ते ६ मध्ये येऊ का?’ याला उत्तर द्यायला कारण मिळतं. तिसऱ्या दिवशी शेवटचा मेसेज: ‘आता पुन्हा विचारत नाही. गरज लागली तर याच नंबरवर लिहा.’ मग ‘थांबवलं’चं लेबल लावायचं आणि खरंच थांबायचं. वैतागलेली माणसं नंबर ब्लॉक करतात, तक्रार करतात. अशा तक्रारी वाढल्या तर खातं बंद होऊ शकतं आणि त्याबरोबर सगळी गिऱ्हाइकं जातात.

काम झाल्यावर बिलासोबत एकच प्रश्न विचारावा: ‘पुढच्या सर्व्हिसिंगची आठवण सहा महिन्यांनी करू का?’ ‘हो’ म्हणणाऱ्याचं नाव वहीत त्या महिन्याच्या पानावर लिहावं आणि नंबर सेव्ह करून घ्यायला सांगावं. कारण ब्रॉडकास्ट यादीवरून पाठवलेला मेसेज फक्त आपला नंबर सेव्ह केलेल्यांनाच पोचतो. शंभर जणांना पाठवून तिघांचंच उत्तर आलं, तर आधी हे तपासावं.

व्याप वाढला की मेसेज आपोआप पाठवणारी, पैसे मोजून घ्यायची व्हॉट्सॲपची मोठी व्यवस्था घेता येते. तिथे ग्राहकाच्या शेवटच्या मेसेजनंतर २४ तासच मोकळेपणाने लिहिता येतं. त्यानंतर आधी मंजूर करून घेतलेलाच मजकूर पाठवावा लागतो. दोघातिघांच्या धंद्याला सुरुवातीला तिची गरज नसते.

वाट कुठे तुटतेय हे दर रविवारी चार आकडे मांडले की दिसतं. समजा ४० जणांनी विचारलं, ३४ जणांनी पहिल्या प्रश्नाला उत्तर दिलं, ३० जणांना दर सांगितला आणि वेळ १२ जणांचीच ठरली. मोठी गळती दर आणि वेळ यांच्यामध्ये आहे. लगेच दर कमी करू नये. आधी ते अठरा चॅट उघडून वाचावेत आणि आपला शेवटचा मेसेज किती वाजता गेला, त्यात वेळ विचारली होती का, एवढंच पाहावं. बहुतेक ठिकाणी रात्री साडेआठचा तो एकटा आकडा सापडेल, ‘७००’.